सामाजिक कराराची तुलना लिहायची कशी? हॉब्ज, लॉक, रूसो आणि १९४८ चे हैदराबाद

‘राज्यसंस्थेच्या अधिसत्तेचे समर्थन या दृष्टीने सामाजिक करार सिद्धांतांची तुलना करा’ असा विषय मिळाला की बहुतेक असाइनमेंट एकाच साच्यातून निघतात. आधी तिघांचे जन्म-मृत्यू, मग निसर्गावस्था, मानवी स्वभाव, करार आणि सार्वभौमत्व अशा रकान्यांचा तक्ता, आणि शेवटी ‘अशा प्रकारे तिघांच्या विचारांत साम्य व भेद आढळतात’. गाईडमधला हा तक्ता चुकीचा नसतो, पण त्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नसते. विषयातला कळीचा शब्द ‘समर्थन’ आहे. मी सरकारचे का ऐकावे, आणि कधी ऐकले नाही तर ते योग्य ठरेल, हे विचारलेले आहे.

हा लेख बी.ए.च्या शेवटच्या वर्षातल्या किंवा एम.ए.च्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यासाठी आहे. साधारण दीड हजार शब्दांची असाइनमेंट डोळ्यासमोर ठेवली आहे. तिन्ही सिद्धांत एकाच प्रसंगावर लावून पाहायचे, ही इथली पद्धत आहे. प्रसंग आपल्याच भागातला घेतला आहे: निजामाच्या राज्याचा शेवट आणि मराठवाडा भारतात येणे.

आधी प्रश्न नीट वेगळा काढा

राज्य कसे निर्माण झाले हा इतिहासाचा प्रश्न आहे. राज्याची आज्ञा पाळणे आपल्यावर बंधनकारक का, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. ‘असा करार इतिहासात कधी झालाच नाही, म्हणून सिद्धांत चुकीचा’ ही टीका हमखास लिहिली जाते, पण ती पहिल्या प्रश्नाला लागते. रूसो तर सुरुवातीलाच सांगून टाकतो की स्वतंत्र जन्मलेला माणूस बेड्यांत कसा आला हे मला माहीत नाही. ते न्याय्य कशामुळे ठरू शकते, एवढे मात्र मी सांगू शकतो. हॉब्जही मान्य करतो की साऱ्या जगात एकाच वेळी निसर्गावस्था कधी नव्हती. लॉक मात्र रोम आणि व्हेनिसची उदाहरणे देऊन करार खरोखर घडल्याचे दाखवू पाहतो. त्यामुळे ती टीका लिहायचीच असेल, तर लॉकपुरती लिहा आणि एका वाक्यात संपवा.

आता तुलनेसाठी एक धागा निवडा. माझा सल्ला असा की ‘आज्ञापालनाचे बंधन केव्हा संपते?’ हा प्रश्न घ्या. कारण सरकार हवे, हे तिघेही म्हणतात. तिथे त्यांच्यात फारसे अंतर दिसत नाही. त्यांचे रस्ते फुटतात ते सरकार कोसळते किंवा उलटते तेव्हा. समर्थन कशावर उभे आहे, हे ते कुठे तुटते यावरून चटकन कळते.

प्रत्येकाची मांडणी तीन वाक्यांत

लिहायला बसण्यापूर्वी प्रत्येक विचारवंतासाठी कच्च्या कागदावर तीनच वाक्ये लिहा: कशाची उणीव होती, कोणी कोणाला काय दिले, आणि ते देणे कधी रद्द होते. चौथे वाक्य लिहू नका.

हॉब्जचे ‘लेव्हायथन’ १६५१ सालचे. इंग्लंडमध्ये यादवी युद्ध होऊन राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. त्याच्या मते उणीव आहे सुरक्षिततेची. अंगाने दुबळा माणूसही कट करून बलवानाला मारू शकतो, म्हणून कोणीच निर्धास्त नाही. करार होतो तो प्रजाजनांचा आपसात. सार्वभौम त्या कराराचा पक्षकार नाही, त्यामुळे त्याने करार मोडला असे म्हणताच येत नाही. हा मुद्दा विद्यार्थी हटकून चुकवतात आणि ‘राजा व प्रजेतील करार’ असे लिहून मोकळे होतात. बंधन कधी संपते? सार्वभौमाकडे प्रजेचे रक्षण करण्याचे सामर्थ्य असेपर्यंतच ते टिकते, असे तो एकविसाव्या प्रकरणात स्पष्ट लिहितो. शिवाय स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क माणूस कोणालाच देऊन टाकू शकत नाही.

लॉकची ‘टू ट्रीटाइझेस ऑफ गव्हर्नमेंट’ १६८९ च्या अखेरीस छापली गेली. मुखपृष्ठावर साल १६९० आहे. आपल्याला लागतो तो त्यातला दुसरा ग्रंथ. लॉकच्या निसर्गावस्थेत नैसर्गिक कायदा असतो, उणिवा असतात त्या तीन: सर्वांना माहीत असा ठरलेला कायदा नाही, निःपक्ष न्यायाधीश नाही, आणि निकाल अमलात आणणारी ताकद नाही. लोक करार करून आधी समाज बनवतात आणि मग सरकारकडे सत्ता विश्वस्ताकडे द्यावी तशी देतात. विश्वस्ताने विश्वासघात केला की सरकार विसर्जित होते, समाज मात्र शिल्लक राहतो. नवे सरकार नेमायला तोच समाज हजर असतो. हॉब्जकडे ही सोय नाही. तिथे सार्वभौम गेला की लोक पुन्हा सुटे.

रूसोचा ‘सामाजिक करार’ १७६२ चा. उणीव आहे ती अशा समाजाची, ज्यात सर्वांशी जोडले जाऊनही माणूस स्वतःच्याच आज्ञेत राहील. प्रत्येकजण सगळे हक्क संपूर्ण समुदायाला देतो. एका व्यक्तीला किंवा सरकारला नाही. सार्वभौम म्हणजे लोकच, सरकार हा त्यांचा नोकर. सरकार नेमणे हा करार नव्हे, हे तो तिसऱ्या भागात वेगळे प्रकरण लिहून सांगतो. कायदा सामूहिक ईहेतून येणे थांबले की उरते ते निव्वळ बळ, आणि बळापुढे वाकणे ही शहाणपणाची गोष्ट असेल, कर्तव्य नव्हे.

एवढ्यावरच तक्त्यापेक्षा जास्त हाती लागले. हॉब्जमध्ये बंधन सामर्थ्याबरोबर जाते, लॉकमध्ये विश्वासाबरोबर, रूसोमध्ये लोकांच्या स्वतःच्या कायदा करण्याबरोबर.

प्रसंग मांडा, पण शंभर-दीडशे शब्दांत

प्रसंग निवडताना लोभ आवरावा लागतो. मुक्तिसंग्राम म्हटला की स्वामी रामानंद तीर्थांपासून सरहद्दीवरच्या कॅम्पांपर्यंत सगळे लिहावेसे वाटते आणि राज्यशास्त्राची असाइनमेंट इतिहासाची होऊन बसते. सिद्धांताला ज्यांचा धक्का लागतो तेवढ्याच गोष्टी घ्या.

अशा गोष्टी मला पाच दिसतात. जून १९४७ च्या फर्मानाने निजामाने भारतात किंवा पाकिस्तानात न जाता स्वतंत्र राहण्याचे जाहीर केले. प्रजेला विचारले नाही. १९४८ पर्यंत कासिम रझवीच्या रझाकारांची सशस्त्र संघटना गावोगाव दहशत माजवत होती आणि शासन ती रोखत नव्हते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने माघार घेतली. लष्करी कारवाईच्या काळात आणि त्यानंतर काही जिल्ह्यांत मुसलमानांवर मोठी हिंसा झाली. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपल्याकडचे उस्मानाबाद आणि नांदेड नोंदवले. आणि पाचवी: संविधान सभेत हैदराबाद संस्थानाचे प्रतिनिधी नव्हते. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाच्याच फर्मानाने संविधान तिथे लागू करण्याचे मान्य झाले, आणि लोकांनी प्रथम सार्वत्रिक मतदान केले ते १९५२ च्या निवडणुकीत.

चौथी गोष्ट काहीजण गाळतात. ती गाळली तर हॉब्ज अर्धाच लावला जातो. का, ते पुढे येईल.

आता सिद्धांत लावून पाहा

हॉब्जपासून सुरुवात केलेली बरी, कारण त्याचे उत्तर सर्वांत लवकर मिळते. रझाकारांपासून गावकऱ्याचा जीव वाचवणे निजामाच्या शासनाकडून होईना, तेव्हा त्या गावकऱ्याचे बंधन संपले. निजाम चांगला होता की वाईट, हे इथे पाहावेच लागत नाही. हॉब्जसाठी खरी अडचण पुढे आहे. विजेत्या फौजेपुढे जीव वाचवण्यासाठी शरण जाणे हीदेखील त्याच्या मते वैध संमतीच. भीतीपोटी केलेला करार तो बंधनकारक मानतो. म्हणजे १८ सप्टेंबरपासून नवी अधिसत्ता वैध, कोणाचे मत न विचारता. पण त्याच दिवसांत उस्मानाबाद किंवा नांदेड जिल्ह्यातल्या ज्या मुसलमान कुटुंबाला नव्या सत्तेखाली संरक्षण मिळाले नाही, त्याच्यापुरते काय? हॉब्जची कसोटी प्रामाणिकपणे लावली तर त्या कुटुंबावर तेवढ्या काळापुरते नव्या सत्तेचेही बंधन नव्हते, असे म्हणावे लागते. कसोटी एका बाजूला लावायची आणि दुसऱ्या बाजूला नाही, असे करता येत नाही.

लॉकच्या बाबतीत ‘निजामाने लॉकचा करार मोडला’ हे वाक्य लिहिण्याचा मोह होईल. लिहू नका. लॉकच्या मते निरंकुश राजेशाही हे नागरी शासनच नव्हे, कारण राजा आणि प्रजेत वाद झाला तर दोघांच्या वर न्याय देणारा कोणी नसतो. निरंकुश राजा आपल्या प्रजेशी निसर्गावस्थेतच असतो. हे त्याच्या ९० व्या परिच्छेदात आहे. फर्मान हाच जिथे अंतिम कायदा, तिथे विश्वस्त नेमला गेलाच नव्हता, मग विश्वासघात कुठून होणार? अचूक वाक्य असे होईल: लॉकच्या दृष्टीने निजामाच्या सत्तेला १९४८ मध्ये तडा गेला नाही, ती मुळातच समर्थनावाचून होती. आणि लगेच पुढचे पाऊल टाका. विजयाने हक्क मिळतो, हेही लॉक मानत नाही. सोळाव्या प्रकरणात तो सांगतो की जे लढलेच नाहीत त्यांच्यावर विजेत्याला कसलाही अधिकार नाही. म्हणून सप्टेंबर १९४८ ते १९५२ हा काळ लॉकसाठी अवघड आहे. त्या दरम्यान आधी लष्करी आणि मग केंद्राने नेमलेले प्रशासन होते. संमती शोधायची तर १९५२ च्या मतदानात शोधावी लागते, किंवा त्याआधीच्या मूक संमतीत.

रूसोकडे आल्यावर प्रसंगाचा सूरच बदलतो. बळातून हक्क निर्माण होत नाही, या एका सूत्राने तो निजामाचे आणि विजयाचे, दोन्ही दावे बाजूला करतो. संविधानाला राजाच्या फर्मानाने मान्यता मिळणे तर त्याला विचित्रच वाटले असते, कारण लोकांची सार्वभौमता दुसऱ्या कोणी त्यांच्या वतीने वापरायची नसते. याच कारणाने १९५२ ची निवडणूकही त्याचे पूर्ण समाधान करणार नाही: इंग्रज लोक स्वतःला स्वतंत्र समजतात, पण ते फक्त पार्लमेंटचे सदस्य निवडण्यापुरते स्वतंत्र असतात, असे तोच म्हणतो. इथे लॉक आणि रूसो यांना एकाच वाक्यात बसवता येते आणि बसवावे: ज्या मतदानाने लॉकचा प्रश्न सुटतो, त्याच मतदानाने रूसोचा सुरू होतो.

रूसोचा आणखी एक प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. लोक राजा कसा निवडतात हे पाहण्याआधी, लोक हे ‘लोक’ कोणत्या कृतीने होतात ते पाहा, असे तो पहिल्या भागाच्या पाचव्या प्रकरणात म्हणतो. १९४८ मध्ये करार करणारे ‘लोक’ कोण होते? तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी हैदराबादची सगळी प्रजा, की मराठवाडा, की भारत? बहुमताने ठरवायचे म्हटले तर कोणाचे बहुमत, हे आधी ठरलेले असावे लागते, आणि ते बहुमताने ठरवता येत नाही. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले, तेही संसदेने केलेल्या कायद्याने. तिन्ही सिद्धांत इथे मुके होतात. असाइनमेंटमध्ये ‘मर्यादा’ असा भाग असतो. तो भरायला हा एकच मुद्दा पुरेसा आहे.

संमतीचा तिढा

तिन्ही समर्थने अखेर संमतीवर येऊन टेकतात, म्हणून टीका तिथे करा. लॉकचे मूक संमतीचे उदाहरण प्रसिद्ध आहे: दुसऱ्याच्या राज्यातल्या रस्त्यावरून चालणाऱ्यानेही तिथल्या सरकारला तेवढ्यापुरती संमती दिलेली असते. आता निजामाच्या हद्दीतल्या तुळजापूरचा एक शेतकरी बाजारासाठी ब्रिटिश हद्दीतल्या सोलापुरात गेला, असे समजा. तिथे असेपर्यंत त्याने तिथला कायदा पाळावा, हे पटते. तो स्वतःहून गेला आहे आणि परत येऊ शकतो. इतक्याने तो त्या राज्याचा सदस्य होत नाही, हेही लॉक मान्य करतो. पण हाच शेतकरी आपल्या गावी निजामाला संमती देतो का? तो तिथे जन्मला, जमीन तिथे, गुरे तिथे. निघून जायचे म्हटले तर सगळे टाकून जायचे. म्हणजे मूक संमतीचा युक्तिवाद पाहुण्याला नीट लागू पडतो आणि रहिवाशाला लंगडा पडतो. समर्थन मात्र रहिवाशासाठीच हवे असते.

हाच आक्षेप डेव्हिड ह्यूमने १७४८ च्या निबंधात घेतला आहे. परभाषा न येणारा, रोजच्या मजुरीवर जगणारा गरीब शेतकरी देश सोडायला मोकळा आहे, असे म्हणता येईल का, असे तो विचारतो. झोपेत जहाजावर आणलेल्या माणसाला ‘तू इथे आहेस म्हणजे कप्तानाला तुझी संमती आहे’ असे सांगण्यासारखे ते आहे, असे त्याचे म्हणणे. रूसोही राहणे म्हणजे संमती असे म्हणतो, पण तळटीप जोडतो की हे स्वतंत्र राज्यातच खरे. इतरत्र कुटुंब, मालमत्ता, आसऱ्याचा अभाव किंवा जबरदस्ती माणसाला मनाविरुद्ध अडकवून ठेवू शकते. ही तळटीप सापडली की तुलनेला धार येते, कारण त्या अटीमुळे निजामाच्या प्रजेची मूक संमती रूसोच्या हिशेबातून आपोआप बाहेर पडते, लॉकच्या नाही. लॉकला ती बाहेर काढायला निरंकुश राजेशाहीचा मुद्दा वेगळा आणावा लागतो.

लिहिताना

शब्दांची वाटणी साधारण अशी: प्रश्न आणि तुमचा दावा १५०, तिघांची मांडणी ४००, प्रसंग १५०, सिद्धांत लावणे ५००, संमती आणि मर्यादा ३००. दावा पहिल्याच परिच्छेदात लिहा. ‘तिन्ही सिद्धांत महत्त्वाचे आहेत’ हा दावा होत नाही, कारण त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही. असे काहीतरी लिहा:

‘निजामाच्या सत्तेचे बंधन का संपले, हे हॉब्ज सर्वांत सोपे करून सांगतो, मात्र संरक्षण देणारी कोणतीही सत्ता त्याला चालत असल्याने नवी सत्ता योग्य का, यावर त्याच्याकडे विजयापलीकडे उत्तर नाही. लॉक ते उत्तर संमतीत देतो, पण १९५२ पूर्वीची संमती दाखवताना त्याची दमछाक होते. रूसोची कसोटी सर्वांत कडक आहे, आणि तिला उतरणारे राज्य दाखवणे कठीण आहे. तरीही रहिवाशाची संमती कधी खोटी ठरते हे तोच सांगतो, म्हणून समर्थन म्हणून मी लॉकची मांडणी रूसोच्या अटीसह स्वीकारतो.’

शेवटच्या वाक्याशी तुम्ही सहमत असायलाच हवे असे नाही. हॉब्जच्या बाजूने उभे राहिलात तरी चालेल. सप्टेंबर १९४८ मध्ये जीव मुठीत धरून बसलेल्याला आधी संमती हवी होती की संरक्षण, हा युक्तिवाद कमकुवत नाही.

तुलना झाली आहे की नुसती माहिती, हे ओळखायची एक साधी तपासणी आहे. ‘सिद्धांत लावणे’ या भागातला प्रत्येक परिच्छेद पाहा. एखाद्यात एकाच विचारवंताचे नाव असेल, तर तिथे दुसऱ्याचे उत्तर कुठे वेगळे पडते ते एक वाक्य घाला. घालता येत नसेल, तर तो परिच्छेद मांडणीच्या भागात हलवा. तसेच ‘हॉब्ज हुकूमशाहीवादी, लॉक लोकशाहीवादी’ ही बिरुदे काढून टाका. हॉब्जला राजेशाही आवडत असली तरी त्याच्या सिद्धांतात सार्वभौम ही सभाही असू शकते.

आपल्याकडच्या मुलांकडून एक चूक मी वारंवार पाहतो: १९५३ चा नागपूर करार सामाजिक कराराचे ‘स्थानिक उदाहरण’ म्हणून येतो. तो मराठी भाषक प्रदेशांतल्या नेत्यांनी राज्य कसे असावे यावर केलेला राजकीय समझोता होता. त्यावर सही करणाऱ्यांवर राज्यसंस्थेचे बंधन आधीपासूनच होते. नाव ‘करार’ आहे, एवढ्याने तो या विषयात बसत नाही. अनुशेषावर वेगळी असाइनमेंट असेल तेव्हा तो कामी येईल.

संदर्भ देताना पानांवर विसंबू नका, आवृत्तीगणिक पाने बदलतात. हॉब्जसाठी प्रकरण क्रमांक, लॉकसाठी परिच्छेद क्रमांक, रूसोसाठी भाग आणि प्रकरण द्या. तोंडी परीक्षेत सर किंवा मॅडम हमखास विचारतात की हॉब्जच्या करारात राजा कुठे असतो. ‘बाहेर’ एवढेच सांगून थांबू नका. तो बाहेर असल्यामुळे त्याने करार मोडला असे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच बंधन संपायला कराराचा भंग लागत नाही, संरक्षण संपणे पुरते, हे पुढचे वाक्य तयार ठेवा.